पाणकोंबडीपाशी परत

पद्मजाबाईंनी शाळेचा लॅपटॉप टेबलावर ठेवला, कडा चाचपून सरळ केला आणि विचारलं, "हा माऊस कुणाचा? तो उचला. मला त्याचा उपयोग नाही आणि कोपराला लागतोय."

चेतनने माऊस उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवला. सलीमा बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

शनिवार पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानावर त्यांचं छोटं ऑफिस होतं. शाळांसाठी 'गोष्टकट्टा' नावाची वेबसाइट ते चालवत. मुलांनी वाचायच्या आणि ऐकायच्या गोष्टी तिच्यावर असत. सगळा कारभार चेतनचा, सर्व्हरचं काम त्याच्याकडेच. मुलांना पडद्यावर जे दिसतं, जे हाताळता येतं, ते सगळं सलीमा बांधायची. गोष्टी निवडायचं काम अनंतरावांचं. ते आतल्या खोलीत बसत.

पद्मजाबाई लहानपणापासून पाहू शकत नव्हत्या. शाळेत त्या संगणक शिकवत. त्यांच्या पाचवीच्या वर्गात डोळस मुलांबरोबर तीन अंध मुलंही बसत, त्याच खोलीत, त्याच तासाला. ही व्यवस्था बाईंनी बऱ्याच भांडणानंतर मिळवलेली होती. आणि आता ती जायची वेळ आली होती.

कारण गोष्टकट्टाच होता. महिन्यापूर्वी नव्या गोष्टकट्ट्याची चाचणी वर्गात झाली, तेव्हा ती तिन्ही मुलं हरवली. म्हणजे खुर्चीवरच होती, पण साइटवर कुठे आहोत ते त्यांना कळेना. वर्ग थांबला, बाकीची मुलं कुजबुजायला लागली, एक मुलगी रडली. तेव्हा मोठ्या बाईंनी ठरवलं की सोमवारपासून या तिघांनी वाचनालयाच्या खोलीत बसून नुसत्या ध्वनिफिती ऐकाव्यात. तिघांची टेबलं आज संध्याकाळी शाळा बंद होण्याआधी हलवायची होती. पद्मजाबाईंनी एवढंच कबूल करून घेतलं होतं की आज त्या स्वतः नवी साइट तपासतील. नीट चालली तर टेबलं जिथल्या तिथे राहतील.

"शाळेचा शंभू शिपाई माझ्या फोनची वाट बघतोय," बाई म्हणाल्या. "त्याला टेबलं उचलायची हौस नाही. पण मोठ्या बाईंचं ऐकावं लागतं."

"चालेल, बाई," सलीमा म्हणाली. "त्या दिवशी जे झालं ते मी सगळं बदललंय."

"ते बघूच."

त्या दिवशी काय झालं होतं ते समजायला सोपं आहे. गोष्टकट्ट्याच्या पहिल्या पानावर गोष्टींची एक रांग असते. पूर्वी दहा गोष्टी संपल्या की खाली 'पुढचे पान' असायचं, त्यावर गेलं की पुढच्या दहा. नव्या साइटवर तसं नव्हतं. वाचणारा खाली येऊ लागला की पुढच्या दहा गोष्टी आपोआप येऊन चिकटत. मग पुढच्या दहा. रांगेला शेवटच नाही. डोळ्यांनी पाहणाऱ्याला मजा वाटते, बोट सरकवत राहावं. पण पानाच्या अगदी तळाशी 'मदत' असं लिहिलेलं होतं. ती तिन्ही मुलं तिथे पोचायच्या आत नव्या गोष्टी येत आणि 'मदत' आणखी खाली ढकलली जाई. मुलं तिच्यामागे धावत राहिली होती.

बाईंनी कानात एकच इअरफोन घातला, दुसरा सलीमाला दिला. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर भराभरा बोलू लागलं. सलीमाला त्या वेगात निम्मंच कळत होतं. बाईंची बोटं बाणांच्या बटणांवर चालली होती.

"आणखी दहा गोष्टी आल्या," आवाज म्हणाला.

बाई थांबल्या. "हे सांगितलं ते बरं केलंस. पूर्वी न सांगताच भर पडायची."

"आणि मध्ये तुम्ही जे ऐकत असाल ते तोडणार नाही. ते संपलं की मगच सांगेल."

"हं." बोटं पुढे. पुन्हा दहा गोष्टी आल्या. मग आवाज म्हणाला, "आणखी गोष्टी दाखवा. लिंक."

"दोनदाच आपोआप येतात," सलीमाने सांगितलं. "मग ही लिंक. ती दाबल्याशिवाय रांग वाढत नाही. त्यामुळे खाली जाता येतं."

बाई लिंक न दाबता खाली गेल्या. "मदत. लिंक." त्यांचे खांदे किंचित सैल झालेले सलीमाला दिसले. मग त्या परत वर आल्या, 'आणखी गोष्टी दाखवा' दाबलं, आणि आवाज सरळ नव्या आलेल्यांपैकी पहिल्या गोष्टीचं नाव वाचू लागला.

"शोधायला लागलं नाही," बाई म्हणाल्या. "शाळेचं नेट अर्धवट चालतं. ही लिंक तेव्हा काय करील?"

"आपोआप वाढवणारा भाग आलाच नाही, तरी लिंकच्या मागे खरा पत्ता आहे. पुढच्या दहा गोष्टींचं साधं पान उघडेल. पूर्वीसारखं."

"ते मी काढून टाक म्हणत होतो," चेतन पलीकडून म्हणाला. "दोन-दोन पद्धती कशाला सांभाळायच्या? पण ही ऐकत नाही."

"न ऐकणारी माणसं कामाची असतात," बाई म्हणाल्या. "बरं. आता एक गोष्ट उघडते."

त्या आणखी खाली गेल्या. 'पाणकोंबडीचं घर' या नावापाशी थांबल्या. "ही मुलांना आवडेल," म्हणून त्यांनी एंटर दाबलं. गोष्टीचं पान उघडलं. चार ओळी ऐकून त्यांनी मागे जाण्याची कळ दाबली.

लॅपटॉप जुना होता. पंखा घुरघुरला.

"गोष्टकट्टा," आवाज म्हणाला. "मुख्य पान. शोधा. नव्या गोष्टी. आमराईतला राखणदार."

बाईंची बोटं थबकली. 'आमराईतला राखणदार' ही रांगेतली अगदी पहिली गोष्ट होती.

"मी पाणकोंबडीपाशी होते," त्या म्हणाल्या.

"थांबा, बाई, एकदा परत करा."

परत केलं. पुन्हा खाली, पुन्हा लिंक, पुन्हा पाणकोंबडी, पुन्हा मागे. पुन्हा आमराई.

"तुला पाहून कळेल की आपण वर आलो आणि बोटाने दोन झटक्यांत खाली जाशील," बाई सलीमाला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सावकाश झाला होता, जसा वर्गात मुलाला समजावताना होतो. "माझ्या मुलांना एकेक गोष्ट पुन्हा ऐकत खाली यावं लागेल. एक गोष्ट वाचून आलं की पुन्हा पहिल्यापासून. दुसरी वाचली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी ती पोरं हात मांडीवर ठेवून बसतील. मी असते तर मीही बसले असते."

सलीमाचे कान तापले. "चेतन, बॅक टेस्ट केलं होतं ना आपण?"

"केलं होतं. माझ्याकडे परफेक्ट चालतं. हे बघ." चेतनने आपल्या टेबलावर साइट उघडली, खाली गेला आणि माऊसचं मधलं चाक दाबून गोष्ट उघडली. ती नव्या टॅबमध्ये उघडली. ती बंद केली. मागे रांग जिथल्या तिथे होती. "बघ."

"तू बॅक दाबलंच नाहीस," सलीमा म्हणाली.

चेतनने हातातल्या माऊसकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

सलीमाही तेच करायची. या धंद्यातली सगळीच माणसं करतात. प्रत्येक लिंक नव्या टॅबमध्ये, वाचून झालं की टॅब बंद. मागे कुणी जातच नाही. दोघांनी मिळून शेकडो वेळा ती रांग तपासली होती आणि शाळेतलं पाचवीचं मूल जी कळ पहिल्यांदा दाबतं तिला हात लावला नव्हता.

चेतनने आता मुद्दाम साधं क्लिक करून गोष्ट उघडली आणि मागे गेला. रांग जागच्या जागी होती.

"चालतंय की."

"तुझ्या मशीनला मेमरी ढीगभर आहे. तू सोडून आलेलं पान ब्राउझरने जसंच्या तसं जपून ठेवलं आणि परत दिलं. बाईंच्या लॅपटॉपला जपायला जागा नाही. तो पान टाकून देतो आणि परत आलं की नव्याने मागवतो. नव्याने आलेल्या पानात पहिल्या दहाच गोष्टी. पाणकोंबडी त्यात नाहीच."

"मग आपण किती खाली होतो तो आकडा लिहून ठेवू. परत आल्यावर तेवढं खाली सरकव. दहा मिनिटांचं काम."

"खाली म्हणजे कुठे? पान आहे एवढंसं." सलीमाने हातांनी वीतभर अंतर दाखवलं. "मी होते पुरुषभर खाली. तळाला आपटेल आणि थांबेल. आणि तळाला आपटलं की आपोआप भरणा सुरू होईल. बाई मधेच कुठेतरी."

"बाई मधेच कुठेतरी नको," पद्मजाबाई म्हणाल्या. "शाळा सुटायची वेळ जवळ येतेय. तुम्हाला जमणार असेल तर बसते. नसेल तर तसं सांगा, रागावणार नाही. शंभूला खोटी आशा नको."

चेतन म्हणाला, "बाई, साइट तर आज लाइव्ह करायचीच आहे, बाकीच्या शाळाही थांबल्यात. हे एवढं पुढच्या आठवड्यात—"

"पुढच्या आठवड्यात टेबलं वाचनालयात असतील. एकदा हललेली टेबलं शाळेत परत येत नाहीत. हवं तर कुठल्याही शिपायाला विचारा."

सलीमाने आपला लॅपटॉप ओढून घेतला.

"बसा, बाई," ती म्हणाली.

तिने जे लिहायला घेतलं ते असं होतं. मूल गोष्टीवर एंटर दाबतं त्या क्षणी, पान सोडण्याआधी, ब्राउझरच्या इतिहासात या रांगेच्या नोंदीलाच एक चिठ्ठी जोडायची: कितव्या पानावर होतो, कोणती गोष्ट उघडली, ती पडद्याच्या वरच्या कडेपासून किती खाली होती. मागे आलं की चिठ्ठी वाचायची. पहिल्या दहा गोष्टींऐवजी त्या पानाच्या दहा मागवायच्या. लिंकमागचा साध्या पानाचा पत्ता इथे कामाला येणार होता. गोष्टी आल्या की तीच गोष्ट शोधून होती त्या उंचीवर आणायची आणि तिच्याच नावावर कर्सर ठेवायचा, म्हणजे वाचणारा आवाज तिथूनच सुरू होईल. वर जायचं असेल त्याच्यासाठी 'आधीच्या गोष्टी' अशी लिंक. आणि हे सगळं जागेवर बसल्यावरच आपोआप भरणारा भाग सुरू करायचा, आधी नाही. ब्राउझरने पान जपून ठेवलंच असेल तर या सगळ्याने गप्प बसायचं.

बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मध्येच खालून रिक्षाचा हॉर्न आला. आतून अनंतराव मंडईतून आणलेल्या पेरूच्या फोडी ताटलीत घेऊन आले. त्यांनी ताटली बाईंपुढे ठेवली, "पद्मजाबाई, मीठ लावलंय," म्हणाले आणि वातावरण पाहून परत आत गेले. पेरू कुणी खाल्ला नाही.

"करून बघा, बाई," सलीमा शेवटी म्हणाली.

खाली. लिंक. पाणकोंबडी. एंटर. चार ओळी. मागे.

पंखा घुरघुरला.

"पाणकोंबडीचं घर. लिंक," आवाज म्हणाला.

बाईंनी एक बाण खाली दाबला. पुढची गोष्ट. एक वर. पुन्हा पाणकोंबडी. मान हलवली. "आता बरोबर आहे. एकदा आणखी करते, मग फोन करते. एकदा चाललेलं मी मोजत नाही."

त्या पुन्हा पहिल्या गोष्टीपासून निघाल्या. रांगेत खाली जाऊन 'आणखी गोष्टी दाखवा' दाबलं आणि थोडं पुढे जाऊन थांबल्या.

"हा 'तळ्यातला चंद्र' मघाशीच ऐकला मी. दोनदा आहे का रांगेत?"

"नाही. एकदाच आहे."

"दोनदा ऐकू आला."

सलीमाने पडद्यावर पाहिलं. खरंच दोनदा होता. त्याच्या वरची गोष्टही दोनदा. ती बुचकळ्यात पडली. तोवर बाई पाणकोंबडीत शिरून मागे फिरल्या होत्या.

"गोष्टकट्टा," आवाज म्हणाला. "मुख्य पान. शोधा. नव्या गोष्टी. कासवाची सहल."

या खेपेला आमराईसुद्धा नव्हती. पहिलीच गोष्ट वेगळी होती.

बाईंनी इअरफोन काढला. तो टेबलावर ठेवला. मग पिशवीतून फोन काढला आणि नुसता हातात धरला.

"हे कासव कुठून आलं?" सलीमाने विचारलं.

चेतनने आतल्या खोलीकडे पाहिलं. "शुक्रवार आहे," तो म्हणाला.

दर शुक्रवारी चार वाजले की अनंतराव आठवड्याच्या नव्या गोष्टी साइटवर चढवत. शनिवारी मुलांना घरी वाचायला मिळाव्यात म्हणून. पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता होता. साइट बंद पडली होती त्या शुक्रवारीसुद्धा ते चार वाजता बसून राहिले होते.

"अनंतराव, किती चढवल्या?" चेतनने हाक मारली.

"सहा," आतून आवाज आला. "का? शुद्धलेखन तपासलंय मी."

सलीमाने डोळे मिटले. तिला सगळं एकदम दिसलं. रांगेच्या डोक्यावर सहा गोष्टी आल्या की खालची प्रत्येक गोष्ट सहा जागा खाली सरकणार. दहा-दहाची पानं तिथेच राहतात, गोष्टी त्यांच्यातून पुढे ढकलल्या जातात. अनंतराव एकेक करून चढवत होते; पहिल्या दोन चढल्या म्हणून 'तळ्यातला चंद्र' एका पानाच्या शेवटी आला आणि पुढच्या पानावर पुन्हा आला. उरलेल्या चार बाई गोष्टीत असताना चढल्या आणि पाणकोंबडी होती त्या पानावरून निघून पुढच्या पानावर गेली. पण जोडलेल्या चिठ्ठीवर जुनं पान होतं. त्या पानात गोष्ट सापडली नाही, म्हणून सलीमाचा कोड मुकाट्याने पहिल्या पानावर आला.

"म्हणजे दर शुक्रवारी बिघडणार," चेतन हळू म्हणाला.

"नवी गोष्ट आली की केव्हाही. शुक्रवारी नक्की."

"माझा तास शुक्रवारीही असतो," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांचा अंगठा फोनवर होता. "मुलांनो, तुम्ही मेहनत केलीत. शंभूला अजून किती वेळ उभं ठेवू?"

"बाई, मी चूक ओळखलीय," सलीमा म्हणाली. "मी सर्व्हरला विचारत होते, चौथ्या पानावर काय आहे. विचारायला हवं होतं, पाणकोंबडीच्या आजूबाजूला काय आहे. वर्गात नवी सहा मुलं पुढच्या बाकावर बसली, तर तुम्ही तिसऱ्या बाकावरचा मुलगा शोधाल की त्याला नावाने हाक माराल?"

बाईंनी फोन मांडीवर ठेवला.

"त्यासाठी सर्व्हर बदलावा लागेल," सलीमा चेतनकडे वळून म्हणाली. "पान क्रमांक नको. 'या गोष्टीनंतरच्या दहा', 'या गोष्टीच्या आधीच्या दहा', 'या गोष्टीपासूनच्या दहा'. प्रसिद्ध झाल्याची वेळ आणि गोष्टीचा क्रमांक, दोन्ही धरून. आणि गोष्ट कुणी काढून टाकली असेल तर तिच्या जागेजवळची दे. मी माझ्या बाजूच्या लिंका बदलते."

चेतनने घड्याळाकडे पाहिलं नाही. सलीमाला वाटलं होतं तो पाहील. त्याने खुर्ची ओढली. "सर्व्हर माझा," तो म्हणाला. "तू मागे बसून चुका काढत बस, तुला आवडतं ते."

मग बराच वेळ फक्त कळांचा आवाज होता. एकदा बाईंचा फोन वाजला. त्यांनी उचलला. "हो शंभू. नाही. उचललेलं असेल तर ठेव खाली आणि त्यावर बस. मोठ्या बाई विचारतील तर म्हण, पद्मजाबाईंनी थांबायला सांगितलंय... मग मला बोलतील ना. तुला काय."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "एक टेबल दारापर्यंत गेलंय."

सलीमाची बोटं एकदा चुकली, तिने खोडून पुन्हा लिहिलं.

"टाकलं," चेतन म्हणाला.

"माझंही. बाई, इअरफोन."

बाईंनी इअरफोन घातला. या वेळी सलीमाने दुसरा मागितला नाही. आवाज ऐकण्याऐवजी ती बाईंचा चेहरा पाहत होती. खाली, खाली. बाई मध्ये कुठेही थबकल्या नाहीत, म्हणजे कुठलीही गोष्ट दोनदा नव्हती. लिंक. पुन्हा खाली. एंटर.

"आता थांबा, बाई," सलीमा म्हणाली. "गोष्टीतच थांबा. अनंतराव, आणखी एक गोष्ट चढवाल?"

अनंतराव दारात आले. "पुढच्या आठवड्याची आहे. शुक्रवारी चार वाजता देतात ती."

"आज एकच. उद्या वाटलं तर काढा."

"मुलांनी वाचायला घेतलेली गोष्ट मी काढत नसतो," अनंतराव म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "चढवली. नाइलाजाने."

"आता मागे या, बाई."

बाईंनी कळ दाबली. पंखा सुरू झाला. या वेळी सगळ्यांत जास्त वेळ लागतोय असं सलीमाला वाटलं. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी एक बाण खाली दाबला, ऐकलं. एक वर, ऐकलं. आणखी एक वर.

त्यांनी इअरफोन काढून सलीमाच्या हातात दिला. सलीमाने कानाला लावला. बाईंनी एक बाण खाली दाबला.

"पाणकोंबडीचं घर. लिंक."

बाईंनी फोन उचलला.

"शंभू, दारातलं टेबल परत आत ने. होतं तिथेच, खिडकीकडचं... हो, तिन्ही. मोठ्या बाईंशी मी बोलते, तू बोलू नकोस, तू काहीतरी जास्त सांगशील." मग थोडं थांबून, "आणि तारा नीट लाव. सोमवारी माझी पोरं आली की अडखळायला नकोत."

फोन पिशवीत ठेवून त्या पेरूकडे वळल्या, हाताने ताटली शोधली आणि एक फोड उचलली.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

चेतन आपल्या टेबलावर जाऊन बसला. त्याने साइट उघडली, खाली गेला आणि सवयीने माऊसचं मधलं चाक दाबलं. नवा टॅब उघडला. त्याने तो बंद केला, माऊसची वायर काढली आणि बाण दाबत पहिल्यापासून खाली जायला सुरुवात केली.